'धिस इज द फर्स्ट टाइम' नंतर मुलं 'आय ॲम सीइंग' का लिहितात? (गाळलेल्या जागा आणि वाक्यरूपांतर)

तापीकाठ

मंडळी, भुसावळला संध्याकाळी इंग्रजीचे क्लास घेतो. बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची मुलं एकाच वर्गात असतात. इथल्या नियमाप्रमाणे इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहितोय, सांभाळून घ्या.

चाचणीत गाळलेली जागा होती: 'धिस इज द फर्स्ट टाइम आय ___ अ कॅमल', क्रियापद 'सी'. अर्ध्याहून जास्त वर्गाने 'ॲम सीइंग' लिहिलं. काहींनी 'सॉ', एकाने नुसतं 'सी'. 'हॅव सीन' लिहिणारे मोजकेच.

त्याखाली वाक्यरूपांतर होतं. 'आय हॅव नेव्हर ईटन मांडे बिफोर' हे वाक्य 'धिस इज द फर्स्ट टाइम'ने सुरू करून लिहायचं. एका पोराचं उत्तर: 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव नेव्हर ईटन मांडे बिफोर'. पुढे जोडून दिलं, झालं काम!

नियम फळ्यावर लिहिला की त्या दिवशी सगळ्यांचं बरोबर येतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा 'ॲम सीइंग'. हे डोक्यात बसावं म्हणून तुम्ही काय सांगता? किंवा तुम्हाला कुणी कसं सांगितलं होतं?

भरीतवाला

खान्देशात राहून मांडे खाल्लेले नाहीत? या पोराचं इंग्रजी नंतर बघू, आधी आईवडिलांना बोलावून घ्या.

केळीबाग

सर, उगाच अवघड करू नका. मी बँकेच्या परीक्षांची तयारी करताना एकच गोष्ट पाठ केली होती. 'फर्स्ट टाइम' दिसलं की डोळे मिटून 'हॅव' किंवा 'हॅज' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. विचार करायचाच नाही. परीक्षेत विचार करायला वेळ असतो कुणाला?

बोरीकाठ

केळीबाग, डोळे मिटून चाललात तर तीन ठिकाणी पाय अडकेल.

'द फर्स्ट टाइम आय सॉ हर, शी वॉज सेलिंग बनानाज.' इथे 'फर्स्ट टाइम' आहे, पण 'हॅव' नाही. कारण इथे 'द फर्स्ट टाइम' म्हणजे 'पहिल्यांदा जेव्हा'. मागे घडून गेलेला एक प्रसंग आहे, म्हणून साधा भूतकाळ.

'आय ॲम व्हिजिटिंग पाटणादेवी फॉर द फर्स्ट टाइम.' इथे 'फॉर' लागलंय, म्हणजे ते नुसतं क्रियाविशेषण झालं. त्याची काळावर काहीच सत्ता नाही. चालू वर्तमानकाळ अगदी बरोबर.

'इट वॉज द फर्स्ट टाइम आय हॅड सीन द सी.' इथे 'इज' नसून 'वॉज' आहे, म्हणून 'हॅव' एक घर मागे सरकून 'हॅड' झालं.

तेव्हा बघायचं ते 'फर्स्ट टाइम'कडे नाही, त्याच्या आधीच्या शब्दाकडे. 'इट इज', 'धिस इज', 'दॅट इज' असेल तर प्रेझेंट परफेक्ट. 'वॉज' असेल तर पास्ट परफेक्ट. आधी असं काहीच नसेल किंवा 'फॉर' असेल, तर हा नियम तिथे लागूच नाही. मी अमळनेरला बरीच वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं, तेव्हा मुलांना 'टाइम'च्या डावीकडे बोट ठेवून मगच पेन उचलायला लावायचो.

केळीबाग

म्हणजे माझा नियम बरोबर, फक्त 'इज'ला चिकटलेला. मान्य. पण बँकेच्या पेपरात मला नेहमी 'इज'च आलं.

अहिराणी_गडी

तापीकाठ भाऊ, पोरांचा दोष नाही. आपण बोलतोच तसं. 'मी पहिल्यांदाच ई राहिनू.' मराठीत 'मी पहिल्यांदाच येतोय.' दोन्हीकडे क्रिया चालू आहे. पोरगं डोक्यात हे वाक्य धरतं आणि 'आय ॲम कमिंग' लिहून मोकळं होतं. उंट समोर उभा आहे, पोरगं बघतंय, मग 'हॅव सीन' कुठून सुचणार त्याला?

राईनपार

मी मूळचा चाळीसगावचा, सध्या जर्मनीत. इथले सहकारीही हीच चूक करतात. जर्मनमध्ये अशा वाक्यात साधा वर्तमानकाळ चालतो, फ्रेंचमध्येही तेच. त्यामुळे मीटिंगमध्ये 'इट्स द फर्स्ट टाइम आय सी धिस' हे वाक्य मी तीन देशांच्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. यात आपण एकटे नाही.

भरीतवाला

म्हणजे खान्देश आणि फ्रान्स एका रांगेत. आता फक्त त्यांनी शेवभाजी शिकायची बाकी आहे.

सातपुडा

मला एक कळलं नाही. 'इट इज टाइम वी वेंट होम' यात 'वेंट' येतं ना? 'इट इज हाय टाइम यू स्टार्टेड' यातही भूतकाळ. मग 'इट इज द फर्स्ट टाइम आय सॉ' चुकीचं कसं? 'इट इज' आणि 'टाइम' दोन्ही तिथेही आहेत की. ज्यांनी 'सॉ' लिहिलं त्यांना अर्धा मार्क तरी द्या.

बोरीकाठ

सातपुडा, त्या पोरांनी 'सॉ' बहुतेक याच गोंधळातून लिहिलं असणार. बरं झालं विचारलंत.

'इट इज टाइम' म्हणजे 'वेळ झाली, अजून केलेलं नाही'. तिथला भूतकाळ दिसायला भूतकाळ असतो, पण घर अजून सोडलेलं नसतं. 'इट इज द फर्स्ट टाइम' मध्ये 'टाइम' म्हणजे वेळ नव्हे, खेप. ही पहिली खेप, दुसरी खेप. त्या 'टाइम'च्या आधी 'फर्स्ट', 'सेकंड', 'ओन्ली' असा खेप सांगणारा शब्द असतो. 'हाय टाइम' मध्ये तो नसतो. पेपरात दोन्ही प्रकारचे प्रश्न जवळजवळ असतात ते मुद्दामच.

आता तापीकाठांचा मूळ प्रश्न. 'हॅव' का, हे सांगितल्याशिवाय नियम टिकत नाही. मी वर्गात दुकानदाराची खातेवही सांगायचो. 'आय हॅव सीन अ कॅमल थ्री टाइम्स' हे वाक्य मुलांना जड जात नाही. आयुष्याच्या वहीत आजपर्यंत उंटाच्या तीन नोंदी. 'धिस इज द फर्स्ट टाइम' म्हणणारा माणूसही वही उघडूनच बोलत असतो. समोरच्या उंटाची नोंद त्याने आत्ताच केली, मग पान चाळून पाहिलं, तर ही पहिलीच. म्हणजे तो 'उंट बघण्याची क्रिया' सांगत नाहीये, तो 'आजपर्यंतची मोजणी' सांगतोय. आणि आजपर्यंतच्या मोजणीचा काळ इंग्रजीत प्रेझेंट परफेक्ट.

म्हणून अहिराणी_गडींचं म्हणणं पटतं, पण मुलांना मी उलट बाजूने न्यायचो. आधी वर्गाला विचारायचं, 'आजपर्यंत किती वेळा?' उत्तर 'एक' आलं की मग वाक्य.

नवापूर_सिस्टर

मी परिचारिका आहे, परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देतेय. आमच्याकडे सराव पुस्तकात 'दिस इज द फर्स्ट टाइम शी ___ टू धिस वॉर्ड' होतं, क्रियापद 'कम'. मी 'हॅज केम' लिहिलं आणि काट मारली. 'हॅज' तर बरोबर आहे ना?

आणि दुसरं, 'गो' दिलं असेल तर 'हॅज गॉन' की 'हॅज बीन'? आमच्या मॅडमनी दोन्ही चालतात म्हणून सोडून दिलं.

केळीबाग

सिस्टर, 'कम, केम, कम'. तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखंच. 'हॅज कम'. 'रन' आणि 'बिकम' पण तसेच. काळ बरोबर आणि रूप चूक, असे मार्क गेले की फार जीवाला लागतं. हे मला पक्कं माहीत आहे, यात बोरीकाठ सर काही दुरुस्त करणार नाहीत.

बोरीकाठ

नाही करणार. शंभर टक्के बरोबर.

'गॉन' आणि 'बीन' मात्र सारखे नाहीत. 'शी हॅज गॉन टू नाशिक' म्हणजे ती अजून तिकडेच आहे. 'शी हॅज बीन टू नाशिक' म्हणजे जाऊन आली, किंवा जायचा अनुभव आहे. खेपा मोजताना अनुभवच मोजतो, म्हणून 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव बीन टू नाशिक' हे नेहमी सुरक्षित. माणूस नाशिकमध्ये उभा राहून बोलत असला तरीही. स्वतःबद्दल, त्याच ठिकाणी उभं राहून 'आय हॅव गॉन' म्हणणं विचित्रच वाटतं. पण कंसात 'गो' दिलं असेल आणि उत्तरसूचीत 'हॅव गॉन' छापलं असेल, अशी पुस्तकंही असतात. तिथे काही करता येत नाही.

मांडेप्रेमी

विषय सोडून: खापरावरचे मांडे आणि पुरणपोळी एक नाही हे मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते.

भरीतवाला

मांडे वेगळे, पण त्यासोबत आमटी कोणती हा वेगळा धागा काढा. तिथे भांडू.

धुळेकर_पुण्यात

मला केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेबद्दल विचारायचंय. त्यात चौथ्या भागात सहा वाक्यं असतात, एक ठळक शब्द दिलेला असतो, तो न बदलता रिकाम्या जागेत दोन ते पाच शब्द लिहायचे. परवा सरावात हे होतं:

'आय हॅव नेव्हर ईटन सच स्पायसी फूड बिफोर.'
ठळक शब्द: 'फर्स्ट'
'इट इज द ___ सच स्पायसी फूड.'

मी 'फर्स्ट टाइम दॅट आय हॅव ईटन' लिहिलं. माझ्या मते चूक काहीच नाही, तरी शून्य. मैत्रिणीने 'फर्स्ट टाइम आय हॅव एव्हर ईटन' लिहिलं, तिलाही शून्य. व्याकरण चुकलंय का?

केळीबाग

'दॅट' टाकायचं नसतं या वाक्यात. ते चूक आहे.

बोरीकाठ

'दॅट' चूक नाही. 'धिस इज द फर्स्ट टाइम दॅट आय हॅव...' उत्तम इंग्रजी आहे, फक्त ते नसलं तरी चालतं. चूक होतं ते 'व्हेन'. 'फर्स्ट टाइम व्हेन आय हॅव' लिहू नये. आपली मुलं 'जेव्हा'च्या सवयीने तेच लिहितात.

धुळेकर, तुमचं व्याकरण बरोबर आहे. बोटांवर मोजा. फर्स्ट, टाइम, आय, हॅव, ईटन: पाच. यात 'दॅट' घातलं की सहा. 'एव्हर' घातलं तरी सहा. पाचाच्या वर गेलं की उत्तर बाद. या परीक्षेत हा प्रश्न इतका घट्ट शिवलेला असतो की बरोबर उत्तर नेमकं पाचात बसतं आणि शोभेच्या शब्दाला जागा उरत नाही.

आणि 'आय'व्ह' असं जोडून लिहून शब्द वाचवता येईल असं वाटेल. वाचत नाही. जोडरूप सुटं करून जेवढे शब्द होतील तेवढे मोजतात, म्हणजे 'आय'व्ह' दोनच धरलं जातं. तुमच्या वाक्यात 'फर्स्ट टाइम दॅट आय'व्ह ईटन' कागदावर पाच दिसतं, पण मोजणीत सहा.

धुळेकर_पुण्यात

म्हणजे चुकलं व्याकरणात नाही, अंकगणितात. बरं, अजून एक. 'बिफोर' आणि 'नेव्हर' दोन्ही उत्तरातून जातात हे नक्की ना? मला सारखं वाटतं काहीतरी हरवलं.

तापीकाठ

हेच! माझ्या त्या पोरालाही तेच वाटलं असणार. मूळ वाक्यातला एकही शब्द वाया जाऊ द्यायचा नाही, असा हिशेब.

बोरीकाठ

शब्द का जातात ते कळलं की पोर पुन्हा तसं लिहिणार नाही. दोन्ही वाक्यं मांडे ताटात असताना बोलली जातायत असं धरा.

'आय हॅव नेव्हर ईटन मांडे' एवढंच म्हटलं तर ते खोटं आहे, कारण घास तोंडात आहे. म्हणून 'बिफोर' लावावं लागतं. 'याआधी नाही', म्हणजे आत्ताचा घास मोजणीतून बाहेर काढला. 'धिस इज द फर्स्ट टाइम' मध्ये मात्र आत्ताचा घास मोजणीत आत आहे, तोच पहिला आहे. मग 'नेव्हर' म्हणायचं कारणच उरत नाही आणि 'बिफोर'चंही.

आणि 'नेव्हर' तसंच ठेवलं, तर त्या पोराच्या वाक्याचा अर्थ 'मी मांडे न खाल्ल्याची ही पहिलीच वेळ' असा काहीतरी होतो.

भरीतवाला

म्हणजे रोज खाणारं पोरगं निघालं! माफ करा, आईवडिलांना बोलावू नका.

अहिराणी_गडी

😂😂 बोरीकाठ सर, आता कळलं. आणि उलटं आलं तर? 'फर्स्ट टाइम' दिलं आणि 'नेव्हर' करायला सांगितलं तर?

बोरीकाठ

तर 'बिफोर' न विसरता घालायचं. 'धिस इज द फर्स्ट टाइम शी हॅज रिडन अ हॉर्स' याचं 'शी हॅज नेव्हर रिडन अ हॉर्स बिफोर'. 'बिफोर' सुटलं की ती घोड्यावर बसलेली असून कधी बसली नाही असं होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत फोटो काढणाऱ्यांना सांगून बघा.

त्याच धर्तीवर खरा सापळा संख्येचा. 'आय हॅव बीन टू सारंगखेडा फेअर ट्वाइस बिफोर' याचं रूपांतर 'धिस इज द ___ टाइम'. मुलं 'सेकंड' लिहितात. 'बिफोर' आहे, म्हणजे आधीच्या दोन झाल्या, ही तिसरी. उत्तर 'थर्ड'. पण 'ही हॅज बीन लेट थ्री टाइम्स धिस वीक, इन्क्लूडिंग टुडे' असेल तर आजची आधीच मोजलेली आहे, 'टुडे इज द थर्ड टाइम ही हॅज बीन लेट'. एकात एक मिळवायचा, दुसऱ्यात नाही. सगळं त्या 'बिफोर'वर.

सातपुडा

हे मी कधीच बघितलं नव्हतं. मी 'सेकंड'च लिहिलं असतं आणि वर भांडलो पण असतो.

आयटी_चोपडा

सगळं वाचलं. पण खरं सांगू का, ऑफिसात आम्ही सगळे 'धिस इज द फर्स्ट टाइम आय ॲम सीइंग धिस एरर' असंच बोलतो. क्लायंट लंडनचा आहे, त्याला कळतं, तोही कधीकधी तसंच बोलतो. कळतंय ना, मग चूक कशाला म्हणायचं? भारतीय इंग्रजी म्हणून स्वीकारा की. मुलांना त्या 'हॅव'ने का छळायचं?

बोरीकाठ

बोलण्यात मी कुणाला अडवत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही घाईत 'आय ॲम सीइंग' म्हणतात, तुम्ही खोटं बोलत नाही. पण तापीकाठांचा प्रश्न पेपरचा आहे. उत्तरसूचीत 'हॅव सीन' आहे आणि तपासणाऱ्याकडे तुमच्या क्लायंटचा फोन नंबर नाही.

आयटी_चोपडा

म्हणजे इंग्रजी दोन, एक बोलायचं आणि एक तपासायचं. असो.

नवापूर_सिस्टर

मुलाखतीत बोलताना सुटका करायची असेल तर 'फॉर द फर्स्ट टाइम' वापरायचं ना मग? 'आय ॲम ट्रॅव्हलिंग अब्रॉड फॉर द फर्स्ट टाइम.' आपण मराठीत बोलतो तसंच बोलता येईल आणि चूकही नाही.

बोरीकाठ

सिस्टर, हे मी सांगायला हवं होतं, तुम्ही सांगितलंत. बोलण्यात हीच पळवाट. मात्र पेपरात हेच वाक्य उलटून येतं. 'आय ॲम व्हिजिटिंग पाटणादेवी फॉर द फर्स्ट टाइम' हे 'धिस इज'ने सुरू करा. वरच्या वाक्यातलं 'ॲम व्हिजिटिंग' मुलं उचलून तसंच खाली ठेवतात, आणि नेमकं तिथे 'हॅव व्हिजिटेड' हवं असतं. तापीकाठ, तुमच्या पुढच्या चाचणीत मांड्याऐवजी हे टाका. नियम कळला की पाठ केला, ते यातच दिसेल.

जळगाव_मम्मी

माझ्या मुलीचं एक विचारते. तिच्या सराव पेपरात 'इट वॉज द फर्स्ट टाइम आय ___ इन अ प्लेन' असं होतं, क्रियापद 'फ्लाय'. तिने 'फ्लू' लिहिलं. चूक दिली, उत्तर 'हॅड फ्लोन'. ती म्हणते, वर्तमानपत्रात तिने असं 'फ्लू'सारखं वाचलंय. खरं काय?

केळीबाग

'वॉज' आलं, म्हणजे 'हॅड'. आता मी पण डावीकडे बोट ठेवतो.

बोरीकाठ

परीक्षेत 'हॅड फ्लोन' लिहिणं बिनधोक. त्या दिवसापर्यंतची मोजणी, म्हणून पूर्ण भूतकाळ. अमळनेरचंच उदाहरण देतो. मराठी साहित्य संमेलन इथे १९५२ साली झालं होतं, मग २०२४ ला पुन्हा झालं. २०२४ बद्दल आज बोलायचं तर 'इट वॉज द सेकंड टाइम अमळनेर हॅड होस्टेड द संमेलन'. संमेलन चालू असताना मांडवात उभं राहून म्हणायचं असतं तर 'धिस इज द सेकंड टाइम अमळनेर हॅज होस्टेड'. घटना तीच, बोलणारा कुठे उभा आहे त्यावर 'हॅज' की 'हॅड'.

राईनपार

मला हे तितकं पक्कं वाटत नाही. 'इट वॉज द फर्स्ट टाइम आय फ्लू' मी अमेरिकन सहकाऱ्यांकडून सर्रास ऐकतो, लेखांतही दिसतं. 'ॲम सीइंग' निदान कानाला खटकतं, हे खटकतसुद्धा नाही. मुलीचं उत्तर चूक म्हणणं जरा जास्तच कडक आहे.

बोरीकाठ

दिसतं हे खरं. म्हणून मी 'बिनधोक' म्हटलं, 'एकमेव' म्हटलं नाही. मी स्वतः तपासताना 'फ्लू'ला काट मारायचो, कारण त्याच प्रश्नात 'हॅड' कळलं का तेच बघायचं असायचं. आता विचाराल तर प्रश्न काढणाऱ्याने पुढे 'आय हॅड नेव्हर बीन सो नर्व्हस' असं काहीतरी जोडून जागा घट्ट करायला हवी होती.

राईनपार

जोडून द्यायला हवी होती इथे सहमत. काट मारण्याशी नाही.

जळगाव_मम्मी

मुलीला दोघांचंही वाचून दाखवलं. ती म्हणाली राईनपार काका बरोबर. पुढच्या वेळी 'हॅड' लिहीन पण म्हणाली.

मांडेप्रेमी

हुशार आहे पोरगी.

आयटी_चोपडा

आणि 'विल बी' आलं तर? 'टुमॉरो इट विल बी द फर्स्ट टाइम शी ___ ऑन स्टेज.' 'विल सिंग'? भविष्यातलं गाणं आहे ना.

बोरीकाठ

'हॅज संग'. पुढे बघून बोललं तरी मोजणी उद्याच्या त्या क्षणापर्यंतचीच, आणि 'विल' एकदा येऊन गेलंय. त्यामुळे पुन्हा प्रेझेंट परफेक्ट. इथे मात्र केळीबागांचा डोळे मिटण्याचा नियम चालून जातो.

केळीबाग

बघा!

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. काल वर्गात बोरीकाठ सरांचं 'आजपर्यंत किती वेळा' वापरून पाहिलं आणि पाटणादेवीचं वाक्य फळ्यावर टाकलं. उंटाची जागा बऱ्याच जणांनी बरोबर भरली. पाटणादेवीला मात्र 'ॲम व्हिजिटिंग' लिहिणारे अजून बरेच निघाले. मांड्यांच्या पोराने दोन्ही बरोबर लिहिली आणि वर मलाच विचारलं, 'सर, धिस इज द लास्ट टाइम आलं तर? लास्ट टाइम आय हॅव टोल्ड यू?' उत्तर उद्या देतो म्हणालो.

केळीबाग

'हॅव टोल्ड'. 'इज' आहे ना डावीकडे.

बोरीकाठ

केळीबाग, थांबा. 'धिस इज द लास्ट टाइम आय ॲम टेलिंग यू' किंवा 'आय विल टेल यू'. 'शेवटचं सांगतोय' म्हणणारा मागची वही मोजत नाही, पुढे सांगणार नाही असं बजावतोय. मोजणी मागे वळून नाही, म्हणून 'हॅव' नाही. आणि 'द लास्ट टाइम आय सॉ हिम' हे तिसरंच, ते वरच्या केळीवालीच्या वाक्यासारखं.

अहिराणी_गडी

म्हणजे इथे 'ॲम टेलिंग' बरोबर? पोरं सुटली एकदाची!

तापीकाठ

सुटली नाहीत. आता सगळी 'फर्स्ट'लाही 'ॲम' लिहिणार.